चिऱ्याची भिंत, फुटलेले आकडे आणि एका तासाची स्टेप

प्रश्न: मी फोंड्याला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घराच्या पश्चिमेकडच्या चिऱ्याच्या भिंतीतून (जाडी २४ सेंमी) दुपारची उष्णता आत किती वाजता पोचते, हे प्रोजेक्टसाठी काढतोय. एक्स्प्लिसिट पद्धतीने २ सेंमीची ग्रिड आणि ५ मिनिटांची स्टेप घेतली, नीट चाललं. ग्रिड १ सेंमी केली तर तासाभरातच तापमान लाखांत गेलं. सर म्हणतात इम्प्लिसिट वापर, कुठलीही स्टेप चालते. मग सरळ १ तासाची स्टेप घेऊ का? आणि दर स्टेपला २५×२५ मॅट्रिक्सचा इन्व्हर्स काढायचा का?

उत्तर:

तुमचा प्रोग्रॅम बहुधा बरोबरच आहे. तुम्ही ग्रिड बारीक केलीत आणि स्टेप तशीच ठेवलीत, घोटाळा तेवढाच. पण तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. आकडे फुटू नयेत म्हणून स्टेप किती असावी, ही एक. आकडे खरे यावेत म्हणून किती असावी, ही दुसरी. सरांचं म्हणणं पहिलीपुरतं खरं आहे, दुसरीबद्दल ते काहीच सांगत नाही.

आधी एक गोष्ट कबूल करते. चिऱ्याचे गुणधर्म पुस्तकातून उचलून भागत नाही. चिरा कुठल्या खाणीतला, किती छिद्रांचा, पावसात किती पाणी प्यायलेला, यावर k चांगलाच हलतो. या उत्तरापुरते मी k = 0.9 W/m·K, घनता 2000 kg/m³ आणि c = 900 J/kg·K धरते. त्यातून α बरोबर 5×10⁻⁷ m²/s येतो. हिशेबाला सोपा आहे म्हणून घेतला, पण अगदीच अवास्तव नाही. तुमचे आकडे वेगळे असतील तर खालची मूल्यं बदलतील, वाट तीच राहील.

एक्स्प्लिसिट पद्धतीत प्रत्येक नोडचं नवं तापमान त्याच्या आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या जुन्या तापमानावरून निघतं:

```
T_i(new) = Fo*T_(i-1) + (1 - 2*Fo)*T_i + Fo*T_(i+1)
Fo = alpha*dt/dx^2
```

म्हणजे नवं तापमान ही तीन जुन्या तापमानांची भारित सरासरी. भार धन असतील तोवर ती खरोखर सरासरी असते आणि उत्तर तिन्हींच्या मध्येच कुठेतरी पडतं. Fo अर्ध्याच्या वर गेला की मधला भार ऋण होतो. मग नोड जितका गरम, तितकं त्याचं नवं तापमान खाली ढकललं जातं, म्हणजे सरासरीची उलटापालट होते. तुमच्या २ सेंमीच्या ग्रिडवर ५ मिनिटांना Fo = 0.375 येतो. ग्रिड १ सेंमी केल्यावर तोच 1.5 झाला, कारण dx वर्गात बसतो. शेजारच्या नोडांत एक वर, एक खाली अशी जी करवतीच्या दातांसारखी चूक असते, तिला दर स्टेपला जवळजवळ (1 - 4Fo), म्हणजे −५ ने गुणलं जातं. दहा स्टेपमध्ये पाचाचा दहावा घात, सुमारे ९८ लाख. समजा तुमचा आरंभ इतका गुळगुळीत असता की फक्त संगणकाची १०⁻¹⁶ एवढी राउंडिंगची चूक शिल्लक असती, तरीही २३ स्टेपमध्ये, म्हणजे दोन तासांच्या आत, ती एक अंशाची झाली असती. तेव्हा हे टाळता येण्यासारखं नव्हतंच.

१ सेंमीच्या ग्रिडवर भिंतीच्या आतल्या नोडांची मर्यादा १०० सेकंद आहे. पृष्ठभागाच्या नोडवर वारा लागतो, तिथे अट आणखी कडक होते: Fo(1 + Bi) ≤ 1/2, आणि Bi = h·dx/k. बाहेर h सुमारे १८ धरला तर १ सेंमीला Bi = 0.2 येतो आणि मर्यादा ८३ सेकंदांवर उतरते. हेच गणित तुमच्या ‘नीट चाललेल्या’ २ सेंमीच्या रनला लावून बघा. तिथे Bi = 0.4, म्हणून Fo(1 + Bi) = 0.525, अर्ध्याहून किंचित जास्त. मग फुटलं का नाही? कारण ही अट भार धन राहण्याची आहे आणि प्रत्यक्ष स्फोट त्याच्या थोडा पुढे होतो. या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात आकडे फुटत नाहीत, पण पृष्ठभागाचा नोड हलकासा थरथरू शकतो. बाहेरचं तापमान एकदम बदलता त्या क्षणानंतरच्या पहिल्या काही स्टेप छापून पाहा. पूर्ण दिवसाच्या आलेखात ती थरथर दिसत नाही.

आता इम्प्लिसिट. फरक एवढाच की शेजाऱ्यांची तापमानं जुनी न घेता नवी घ्यायची:

```
-Fo*T_(i-1)(new) + (1 + 2*Fo)*T_i(new) - Fo*T_(i+1)(new) = T_i(old)
```

एका समीकरणात तीन अनोळखी आकडे आले, म्हणून सगळ्या नोडांची समीकरणं एकत्र सोडवावी लागतात. करवतीच्या दातांची तीच चूक इथे दर स्टेपला 1/(1 + 4Fo) ने गुणली जाते. Fo कितीही मोठा घ्या, हा आकडा शून्य आणि एकच्या मध्येच राहतो. चूक वाढतही नाही आणि तिचं चिन्हही उलटत नाही.

कागदावर करून बघितल्याशिवाय हे अंगात मुरत नाही, म्हणून मुद्दाम जाडीभरडी ग्रिड घेऊ. तुमचीच २४ सेंमीची भिंत, dx = ६ सेंमी, म्हणजे पाच नोड. स्टेप दोन तासांची. मग Fo = 1 येतो, एक्स्प्लिसिट मर्यादेच्या दुप्पट. भिंत आधी सगळीकडे ३० अंश. बाहेरचा पृष्ठभाग एकदम ५० अंशांवर नेऊन तिथेच धरून ठेवला. आत खोलीची हवा ३० अंश, h = 7.5, म्हणून आतल्या पृष्ठभागावर Bi = 0.5. सगळी तापमानं ‘३० च्या वर किती’ अशी लिहू, म्हणजे बाहेरचा नोड २० आणि बाकी शून्य. आतल्या पृष्ठभागाचा नोड अर्ध्या सेलचा असतो, म्हणून त्याच्या समीकरणात Fo च्या जागी 2Fo येतो. चार अनोळखी, चार समीकरणं:

```
 3*T1 -   T2                = 20
  -T1 + 3*T2 -   T3         = 0
        -T2 + 3*T3 -   T4   = 0
             -2*T3 + 4*T4   = 0
```

यात इन्व्हर्स काढण्यासारखं काही नाही. शाळेत एका समीकरणातून अनोळखी काढून दुसऱ्यात टाकायचो, तेच इथे वरून खाली करत जायचं. पहिल्यावरून T1 = 6.667 + 0.333·T2. हे दुसऱ्यात टाकलं की T2 चा गुणक 3 − 0.333 = 2.667 होतो आणि T2 = 2.5 + 0.375·T3 मिळतं. तिसऱ्यात गुणक 2.625, म्हणून T3 = 0.952 + 0.381·T4. चौथ्यात T3 टाकलं की एकच अनोळखी उरतो: 3.238·T4 = 1.905, म्हणजे T4 = 0.588. आता खालून वर यायचं. T3 = 1.176, T2 = 2.941, T1 = 7.647. पहिल्या समीकरणात परत घालून बघा: तीन गुणिले 7.647 वजा 2.941 बरोबर 20.

या वरून खाली आणि खालून वर जाण्याला थॉमस अल्गोरिदम म्हणतात. ल्यूलिन थॉमस यांनी १९४९ मध्ये हे मांडलं, म्हणून त्यांचं नाव. मुळात हे गॉसचं एलिमिनेशनच आहे, फक्त शून्यांवर वेळ न घालवणारं. नोड N असतील तर काम N च्या पटीत वाढतं. पूर्ण मॅट्रिक्स म्हणून सोडवलं तर N च्या घनाच्या पटीत. शिवाय ट्रायडायगोनल मॅट्रिक्सचा इन्व्हर्स ट्रायडायगोनल नसतो, तो पूर्ण भरलेला असतो. तुमच्या मॅट्रिक्समध्ये ७३ आकडे आहेत, इन्व्हर्समध्ये ६२५ होतील. कर्णावरचा गुणक बाजूच्या दोघांच्या बेरजेपेक्षा नेहमी एकने मोठा असतो (पृष्ठभागावर Bi मुळे त्याहून जास्त), त्यामुळे भाजक शून्याजवळ जात नाही आणि ओळींची अदलाबदल करावी लागत नाही.

```python
def thomas(a, b, c, d):
    n = len(d)
    cp, dp = [0.0]*n, [0.0]*n
    cp[0], dp[0] = c[0]/b[0], d[0]/b[0]
    for i in range(1, n):
        m = b[i] - a[i]*cp[i-1]
        cp[i] = c[i]/m
        dp[i] = (d[i] - a[i]*dp[i-1])/m
    x = dp[:]
    for i in range(n-2, -1, -1):
        x[i] = dp[i] - cp[i]*x[i+1]
    return x

print(thomas([0,-1,-1,-2], [3,3,3,4], [-1,-1,-1,0], [20,0,0,0]))
```

यातून 7.647, 2.941, 1.176, 0.588 आले की पुढे जा. इथे `a[0]` आणि शेवटचा `c` शून्य ठेवायचे, कारण पहिल्या नोडला डावा शेजारी नाही आणि शेवटच्याला उजवा नाही. तयार `scipy.linalg.solve_banded` वापरलात तरी चालेल, पण तिथे वरचा कर्ण एक घर उजवीकडे आणि खालचा एक घर डावीकडे सरकवून द्यावा लागतो. ते विसरलं की एरर येत नाही, गुपचूप चुकीचं उत्तर येतं.

हीच दोन तासांची स्टेप एक्स्प्लिसिटला दिली तर काय होतं? Fo = 1 ला नियम होतो: नवं = डावा + उजवा − स्वतः. पहिल्या स्टेपला पहिला नोड थेट २०, बाकी शून्य. दुसरीला पहिला शून्यावर आपटतो आणि दुसरा २० होतो. तिसरीला पहिला ४०, दुसरा −२०, तिसरा २०. सहा तासांनी भिंतीचं चित्र असं: बाहेर ५० अंश, सहा सेंमी आत ७० अंश, बारा सेंमी आत १० अंश. जिथून उष्णता येते त्याहून आतला भाग गरम, आणि त्याच्या शेजारचा भाग सुरुवातीपेक्षाही थंड. आकडे लाखांत जाण्याची वाट बघायची गरज नाही. कुठलाही नोड सगळ्या आरंभीच्या आणि सीमेवरच्या तापमानांच्या पट्ट्याबाहेर गेला, की तिथेच थांबायचं.

कारण समजून घ्यायचं तर एक्स्प्लिसिटमध्ये बातमी एका स्टेपला एकच घर पुढे जाते. पहिल्या दोन तासांत फक्त पहिल्या नोडला बाहेरच्या उन्हाची खबर लागली, आणि दोन तासांची सगळी उष्णता त्याच्या एकट्याच्या पदरात पडली. इम्प्लिसिटमध्ये चारही नोड एकत्र सुटतात, त्यामुळे एकाच स्टेपमध्ये ती सगळ्यांत वाटली जाते. म्हणून ती पद्धत फुटत नाही. पण तिची खोट नेमकी इथेच आहे.

दोन तासांनी खरं उत्तर काय हवं? इतक्या वेळात उष्णता आतल्या पृष्ठभागापर्यंत जेमतेम पोचते, म्हणून भिंत अनंत जाड धरून एरर फंक्शनचं सूत्र लावता येतं. ६, १२ आणि १८ सेंमीवर ते 9.59, 3.15 आणि 0.68 देतं. आतल्या पृष्ठभागावर खरा आकडा 0.1 ते 0.2 च्या मध्ये असेल. आपण काढले 7.65, 2.94, 1.18 आणि 0.59. बाहेरच्या बाजूला जवळजवळ दोन अंश कमी, आणि आतल्या पृष्ठभागावर खऱ्याच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त. मोठ्या स्टेपची इम्प्लिसिट पद्धत उष्णता अशी फासून टाकते: जवळ कमी, लांब जास्त, आणि लांबच्या ठिकाणी वेळेआधी. आलेख मात्र इतका गुळगुळीत दिसतो की संशयही येत नाही.

तीच ग्रिड ठेवून अर्ध्या तासाच्या चार स्टेप घेतल्या तर 8.95, 3.22, 1.04, 0.44 येतात. सुधारणा झाली, पण 9.59 पर्यंत नाही पोचलो. उरलेल्यातला काही भाग अजूनही स्टेपचा आहे आणि काही ६ सेंमीच्या जाड ग्रिडचा. दोन्ही वेगळे करायचे तर एकावेळी एकच बदला. आधी स्टेप निम्मी, निम्मी करत उत्तर हलायचं थांबेपर्यंत जा, मग ग्रिड. ज्यांना दोन्ही एकदम बदलायची सवय असते त्यांना कुठली चूक कुठून आली ते कधीच कळत नाही. तुमचा मूळ घोटाळा बरोबर याच्या उलटा होता: ग्रिड बदललीत पण स्टेपला हात लावायला विसरलात.

आता तुमच्या एका तासाकडे. तुमच्या प्रश्नात खरी गोष्ट चोवीस तासांची लाट आहे आणि तिच्यावर स्टेपचा परिणाम कागदावर काढता येतो. बाहेरचा पृष्ठभाग चोवीस तासांच्या साइन लाटेत सरासरीच्या १० अंश वर-खाली होतोय असं समजा. वर घेतलेले गुणधर्म आणि आत h = 7.5 धरून आतल्या पृष्ठभागाची लाट सुमारे 1.66 अंशांची होते आणि साधारण ६ तास ३५ मिनिटांनी मागे राहते. आता इम्प्लिसिट पद्धतीत एका तासाची स्टेप घातली, की तीच लाट सुमारे 1.44 अंशांची होते आणि जवळजवळ २७ मिनिटं आधी पोचते. ‘आत किती वाजता पोचते’ हाच तुमचा प्रश्न, आणि त्याच्या उत्तरातली २७ मिनिटं भिंतीची नसून तुमच्या स्टेपची! दहा मिनिटांची स्टेप घेतलीत तर लाटेची उंची २ टक्क्यांच्या आसपास कमी येते आणि वेळ चारेक मिनिटं चुकते. म्हणून मी १ सेंमी ग्रिड आणि १० मिनिटं असं सुचवेन. Fo = 3 येतो, एक्स्प्लिसिट मर्यादेच्या सहापट, आणि तरी उत्तर विश्वासाचं.

यात मी स्वतः पोळले आहे. काही वर्षांपूर्वी एका छोट्या गोदामाच्या भिंतीसाठी मी एका तासाची स्टेप घेऊन आतल्या उष्णतेची वेळ काढून दिली होती. नंतर हौसेने डिचोलीच्या आमच्या घरी पश्चिमेच्या भिंतीला आत-बाहेर थर्मोकपल चिकटवून दोन-तीन दिवस नोंदी घेतल्या. आतला पृष्ठभाग माझ्या पद्धतीने काढलेल्या वेळेनंतरच सगळ्यात गरम व्हायचा, रोज. बरेच दिवस मी चिऱ्याच्या k ला दोष देत राहिले. स्टेप दहा मिनिटांवर आणल्यावर बराचसा फरक गेला. गोव्यात ज्यांची पलंगाची बाजू पश्चिमेच्या भिंतीला आहे त्यांना हे मोजमाप लागत नाही म्हणा. रात्री अकराला भिंतीला हात लावला की कळतं.

इथे कुणीतरी क्रँक–निकोलसन सुचवेल. १९४७ मध्ये जॉन क्रँक आणि फिलिस निकोलसन यांनी जुन्या आणि नव्याची सरासरी घेण्याची ती पद्धत दिली. तीही ट्रायडायगोनलच, तोच `thomas` चालतो, आणि गुळगुळीत दिवसाच्या लाटेला ती इम्प्लिसिटपेक्षा पुष्कळ अचूक आहे. पण तिचा गुणक मोठ्या Fo ला −१ कडे जातो. १ सेंमी आणि एका तासाला Fo = 18, तेव्हा करवतीच्या दातांची चूक दर स्टेपला −0.946 ने गुणली जाते. ती फुटत नाही, पण दर तासाला चिन्ह बदलत बदलत निम्मी व्हायलाच बारा-तेरा तास घेते. तुमचा आरंभ ‘भिंत ३० अंश आणि ऊन एकदम चालू’ असा असेल तर ही वळवळ हमखास दिसते. आरंभीच्या दोन-चार स्टेप साध्या इम्प्लिसिटने छोट्या घेऊन मग क्रँक–निकोलसन चालू केलं की ती जाते. पहिल्यांदाच करताय तर साधी इम्प्लिसिट आणि छोटी स्टेप बरी, एक भानगड कमी.

आणि एक गोष्ट, सर ऐकत नसतील अशी आशा. तुमच्या भिंतीला इम्प्लिसिट लागतंच असं नाही. १ सेंमीला ८३ सेकंदांची मर्यादा म्हणजे दिवसाला हजाराच्या थोड्या वर स्टेप, प्रत्येकीत २५ नोड. आजचा कुठलाही लॅपटॉप महिन्याभराचा हिशेब चहा ओतेपर्यंत करेल. इम्प्लिसिटची खरी गरज भासते ती पातळ आणि उष्णता झटकन वाहून नेणारा थर मध्ये आला की. पावसाच्या झोडीपासून वाचवायला भिंतीवर अर्ध्या मिलिमीटरचा लोखंडी पत्रा चिकटून लावला आणि त्यात पाव मिलिमीटरचे सेल घेतले, तर पोलादाच्या 1.2×10⁻⁵ च्या α ने मर्यादा 0.0026 सेकंद होते. म्हणजे एका दिवसाला तीन कोटींहून जास्त स्टेप, आणि त्या सगळ्या चिऱ्यालाही घ्याव्या लागतात. इम्प्लिसिटला त्या पत्र्याचं काहीच वाटत नाही. (खरं तर असा पत्रा एकच गोळा धरून, म्हणजे पूर्ण जाडीभर एकच तापमान धरून, तुम्ही एक्स्प्लिसिटमध्येही सुटू शकता, कारण पत्र्याच्या आत तापमानाचा फरक पडतच नाही. पण हे सुचायला आधी मर्यादा कुठल्या सेलमुळे आली ते शोधावं लागतं.)

प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही यासाठी मी एकच तपासणी नेहमी ठेवते, उष्णतेचा जमाखर्च. दर स्टेपला आत आलेली उष्णता वजा बाहेर गेलेली बरोबर साठलेली, आणि इम्प्लिसिटमध्ये हे राउंडिंगपर्यंत तंतोतंत जुळायला हवं, स्टेप कितीही मोठी असो. वरच्याच उदाहरणात बघा. बाहेरून पहिल्या नोडकडे गेली 20 − 7.647 = 12.353. खोलीकडे गेली Bi गुणिले T4, म्हणजे 0.294. साठली 7.647 + 2.941 + 1.176 आणि शेवटच्या अर्ध्या सेलची 0.294, बेरीज 12.058. वजाबाकी 12.059. शेवटच्या अंकातला फरक मी तीन दशांशांवर कापल्याचा. माझ्याकडे आलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅममध्ये हा जमाखर्च बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच जागी: पृष्ठभागाच्या ओळीत 2Fo ऐवजी Fo लिहिलेला असतो. किंवा हवेचं तापमान जुन्या वेळेचं घेतलेलं असतं. दुसऱ्या चुकीत जमाखर्च कधीकधी जुळतोही, पण लाट एका स्टेपने मागे सरकते. तेव्हा दिवसाच्या हवेची यादी नव्या वेळेच्या जागेवरून वाचली जातेय ना, हे डोळ्यांनी बघून घ्या.

मात्र जमाखर्च जुळला म्हणजे उत्तर खरं असा अर्थ काढू नका. दोन तासांच्या स्टेपचं वरचं उत्तर इतकं चुकीचं होतं आणि त्याचा जमाखर्च चोख होता. ती तपासणी समीकरणं नीट लिहिली का ते सांगते, स्टेप योग्य आहे का ते नाही. त्यासाठी स्टेप निम्मी करून परत चालवणं, याला पर्याय मला तरी माहीत नाही.

दहा मिनिटांहून खाली जायची मात्र घाई करू नका. तुमच्या चिऱ्याचा k मी धरला त्याहून २० टक्के जास्त निघाला, आणि ओल्या चिऱ्यात हे सहज होतं, तर आतल्या लाटेचा उशीर ३५-४० मिनिटांनी कमी होईल. स्टेपमुळे येणाऱ्या चार मिनिटांपुढे हा फरक फार मोठा आहे. तेव्हा वेळ उरला तर तो स्टेप बारीक करण्यात न घालवता k शोधण्यात घालवा. दोन थर्मोकपल लावा, बाहेरचं मोजलेलं तापमान थेट सीमेवर घाला (म्हणजे बाहेरच्या h ची कटकटही जाईल), आणि आतल्या शिखराची वेळ जुळेपर्यंत k बदलत राहा. मे महिन्यातला कोरडा आठवडा आणि जुलैतला पावसाचा आठवडा अशा दोन वेळा नोंदी मिळाल्या तर दोन वेगळे k निघतील, आणि प्रोजेक्टमध्ये छापण्यासारखी गोष्ट बहुधा तीच असेल.